आग विझवणाऱ्या जवानांसाठी बर्फ, टब आणि कूलर हवेत

गावकरी मंडळींनो, नमस्कार.

गेल्या मे महिन्यात गावाबाहेरच्या जिनिंगला लागलेली आग तुम्ही सगळ्यांनी पाहिली. दुपारी दोनला पेटली, ती दुसऱ्या दिवशी उजाडलं तरी धुमसत होती. कापसाची आग अशीच असते. वरून विझलेली दिसते, पण १७० किलोच्या दाबलेल्या गाठीच्या पोटात जिवंत राहते. मग जेसीबीने गंजी उकरायची, गाठी फोडायच्या, भिजवायच्या, आणि धूर दिसला की पुन्हा तेच. हे काम बंबावरचे जवान जाड कोट-पँट, हेल्मेट आणि गमबूट घालून ४४ अंशांत करत होते.

आपण मदतीला धावलो, पण खरं सांगायचं तर आपलं बरंच चुकलं. पाण्याच्या बाटल्या आणि समोसे वाटले, आणि जवान कोट अंगात ठेवूनच बंबाच्या सावलीला बसले. त्यांतला एक तरुण पोरगा तासाभरापूर्वी आमची थट्टा करत होता. तो एकाएकी विचारलं एक तर सांगायचा भलतंच, चालताना झोकांड्या खायला लागला. कुणी कांदा आणायला पळालं, कुणी त्याच्या तोंडाला पुन्हा बाटली लावली. आपल्यातल्या एका निवृत्त सिस्टरबाईंनी सगळ्यांना बाजूला सारलं. त्याचा कोट नि बूट उतरवून त्याला ताडपत्रीवर निजवलं, चौघांना काठ उचलून धरायला लावले आणि रसवंतीवरून आणलेल्या बर्फाचं पाणी त्यात ओतलं. ॲम्ब्युलन्स आली तोवर पोरगा स्वतःचं नाव सांगत होता. अंगाला घाम असला तरी माणूस बरळायला लागला की तो उष्माघात समजायचा. आधी गार करायचं, मग दवाखान्यात न्यायचं, आणि शुद्ध हरपत असलेल्याच्या तोंडात पाणी घालायचं नाही.

पाणी तर तो भरपूर प्यायला होता. मग असं का झालं? घाम वाळतो तेव्हा अंग गार होतं, आणि त्या कोटात घाम वाळतच नाही. सावलीत बसलं तरी कोट बंद असेल तर आतली उष्णता काही वेळ चढतच राहते. म्हणून यंदा मंडळाने ठरवलं आहे की आगीच्या ठिकाणी, धुराच्या उलट्या बाजूला, विसाव्याची जागा उभी करायची. तिथे आलेल्या जवानाने कोट काढायचा, पँट बुटापर्यंत उतरवायची, तोंड-हात धुऊन काजळी काढायची आणि मगच खाणंपिणं. त्यानंतर खुर्चीवर बसून दोन्ही हात कोपरापर्यंत गार पाण्याच्या टबात, निदान २० मिनिटं. तळहात आणि हातांतून रक्त फिरतं, ते गार होऊन परत जातं.

इथे एक अडचण आहे. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी चहाला अर्धं तापवल्यासारखं असतं, त्यात हात बुडवून उपयोग नाही. नळाचं ३२ अंशांचं ४० लिटर पाणी २० अंशांवर आणायला साधारण ५ किलो बर्फ लागतो, आणि टब तापला की आणखी. म्हणून आमची पहिली मागणी बर्फाची आहे. दुसरी मागणी दोन मोठ्या कूलरची आणि ते चालवायला एका जनरेटरची. आपल्या कोरड्या उन्हात ओल्या ताटीची हवा फार कामाची. नुसता पंखा ४४ अंशांत कोरड्या अंगावर गरम वाराच फेकतो.

पिण्याचा हिशोब असा. बारा जवान, सहा तास, माणशी तासाला साधारण १ लिटर, म्हणजे ७२ लिटर, वीस लिटरचे चार जार. एकदम ढोसायचं नाही, दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर. नुसतं पाणीच पाणी प्यायलं तर रक्तातलं मीठ उतरतं, तेही घातक. म्हणून निम्मं ओआरएसचं, लिटरला एक मोठी पुडी, म्हणजे ३६ पुड्या. मीठ घातलेलं ताक चालेल. एनर्जी ड्रिंक आणू नका.

नाडी आणि ताप सिस्टरबाई वहीत लिहितील. विसाव्यानंतरही नाडी मिनिटाला ११०च्या वर राहिली तर त्या जवानाला परत पाठवायचं नाही, हे अग्निशमन अधिकाऱ्यांशी बोलून ठरलं आहे. त्याच्या जागी दुसरा जवान आणणं मात्र आपल्या हातात नाही. त्यासाठी नगर परिषदेकडे वेगळा अर्ज दिला आहे.

तर आम्हाला हवं आहे ते हे: दोन कूलर, एक जनरेटर, सहा खोल टब, सहा हात टेकता येतील अशा खुर्च्या, मोठी ताडपत्री, ऑक्सिमीटर, थर्मामीटर आणि ओआरएस. जुनी पण चालू वस्तू चालेल. पैसे देणार असाल तर मंडळाच्या कार्यालयात पावती घेऊनच द्या. रात्री-अपरात्री फोन आला तरी येतील असे आठ जण हवेत, फोटो काढायला येणारे नकोत.

हे सगळं १४ एप्रिलच्या अग्निशमन दिनापर्यंत जमवायचं आहे. १९४४ साली त्याच तारखेला मुंबईच्या गोदीत ज्या जहाजाचा स्फोट झाला, त्यातही कापसाच्या गाठी होत्या. बर्फाची लादी कोण देणार ते मात्र मार्चमध्येच सांगा. एप्रिल लागला की रसवंतीवाले कारखान्याचा सगळा बर्फ आधीच सांगून ठेवतात.