कडू की तुरट?

नाशिक,
रविवार, सकाळ

प्रिय दिन्या,

तुझा परवाचा मेसेज वाचून हसू आलं. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला 'चांगली' वाइन सांग म्हणतोस आणि पुढच्याच ओळीत लिहितोस, 'मला तशी वाइन आवडत नाही, कडू लागते.' फोनवर उत्तर दिलं असतं तर दोन नावं सांगून मोकळा झालो असतो. पण त्या 'कडू'वर मी स्वतः सात महिने घालवलेत, म्हणून म्हटलं निवांत बसून लिहावं.

तुला ठाऊक आहे, गेल्या दिवाळीपासून मी चाखलेल्या दारूची एक वही ठेवलीय. धाकटीची अर्धी कोरी राहिलेली भूगोलाची वही. सुरुवातीची दहा-बारा पानं पुढे दोन सागरी प्रवाह आणि मागे माझ्या नोंदी अशी आहेत. पहिल्या महिन्यातल्या नोंदी आता वाचल्या की लाज वाटते. 'छान.' 'बरी.' 'शनिवारी घेतली ती, मस्त.' एका पानावर नुसतं 'वा!' लिहिलंय आणि खाली बाटलीचं नावच नाही. ती काय होती ते आता देवाला माहीत. तिसऱ्या पेगनंतर लिहिलेल्या नोंदी तर मी सरसकट खोडून टाकल्या, कारण त्या वेळी सगळंच फक्कड लागतं.

मग थोडी शिस्त आणली. एका संध्याकाळी जास्तीत जास्त दोन नोंदी, त्याही पहिल्या चार घोटांतच. किंमत नोंद लिहून झाल्यावरच टाकायची, कारण बाराशेची बाटली म्हटलं की जीभ आपोआप अदबीने बोलायला लागते. प्रत्येक वेळी चारच गोष्टी लिहितो. काय प्यालो, कसं प्यालो (किती गार, कशाबरोबर, बाटली आज उघडली की परवाची), तोंडात काय झालं, आणि स्वतःच्या पैशाने परत घेईन का. तारे नाहीत, शंभरपैकी गुण नाहीत. मी ते करून पाहिलं होतं. सगळ्याला साडेतीन तारे पडले.

एका पांढऱ्या वाइनची नोंद जशीच्या तशी उतरवतो:

'शेनिन ब्लाँ, नाशिकचीच. फ्रिजमधून काढून दहा मिनिटं. साबुदाणा वड्याबरोबर. वास: पिकायला आलेला पेरू, मागे थोडा मध. आधी किंचित गोड, लगेच आंबट, तोंडाला पाणी सुटलं. चटणीचा तिखटपणा तिने खाली बसवला. परत घेईन: हो.'

यात पेरू आहे, गूजबेरी नाही. गूजबेरी मी जन्मात खाल्लेली नाही. लेबलच्या मागे छापलेले शब्द वहीत उतरवले की महिन्याभराने वाचताना काहीच आठवत नाही, पण 'पिकायला आलेला पेरू' म्हटलं की तो घोट परत तोंडात येतो. मंजू म्हणते मी स्वयंपाकघराची यादी लिहितोय. तसंच लिहायचंय. माझ्या वहीत ओल्या गोणपाटाचा वास आहे, कैरीची साल आहे, फोडणीत किंचित करपलेलं जिरं आहे.

आता तुझ्या 'कडू'कडे येतो. एप्रिलमध्ये शेहेचाळीस नोंदी झाल्या तेव्हा पेन्सिल घेऊन बसलो आणि 'परत घेईन: नाही' असलेल्या सगळ्या पानांवर खूण केली. बारा निघाल्या. त्यातल्या नऊ ठिकाणी 'कडू' हा शब्द होता. झालं, मला कडू आवडत नाही, विषय संपला, असं वाटलं. पण 'हो'च्या पानांवरही तोच शब्द सापडला. पुण्यात प्यालेल्या दोन आयपीए बीअर, ज्यांत हॉप्स ही कडू फुलं भरपूर असतात आणि त्या चांगल्याच कडू असतात, त्या मला फार आवडल्या होत्या. जिन आणि टॉनिक आवडलं होतं. काळी कॉफी तर मी रोज पितो. म्हणजे एकाच शब्दाखाली मी दोन वेगळ्या गोष्टी कोंबत होतो.

उलगडा चहाने झाला. एका रविवारी कोरा चहा गॅसवर विसरलो, चांगला पंधरा मिनिटं उकळला. टाकून द्यायच्या आधी घोट घेतला आणि गालांच्या आतली कातडी आवळली, जीभ टाळूला चिकटली. हे कडू नव्हे, हे तुरट! आपल्याकडे षड्रसांत कडू वेगळा आणि तुरट वेगळा, हे लहानपणी पाठ केलेलं. पण दारूच्या बाबतीत तो शब्द सुचलाच नव्हता. लगेच मेथीचे चार दाणे चावून पाहिले. कडूपणा जिभेच्या मागच्या बाजूला रेंगाळला, पण तोंड ओलंच राहिलं. तुरट चव तोंड कोरडं करते. तूही हे करून बघ, चहा आणि मेथी शेजारी शेजारी ठेवून. दोन मिनिटांचं काम आहे आणि नंतर गोंधळ होत नाही.

तुरटपणा येतो टॅनिनमुळे. लाल वाइन द्राक्षाच्या साली आणि बियांसकट आंबवतात, त्यामुळे ते त्यात उतरतं. पांढरी बहुतेक वेळा नुसत्या रसाची, म्हणून तिच्यात ते फारसं नसतं. हे टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड खरखरीत होतं. कच्चं केळं, सुपारी, न पिकलेलं जांभूळ, सगळीकडे हाच प्रकार. त्या नऊ नोंदी परत तपासल्या, दोन-तीन बाटल्या नव्याने आणून चाखल्या. नऊपैकी सात निव्वळ तुरट होत्या, सगळ्या शिराझ नाहीतर कॅबर्ने या लाल वाइनच्या, फार न मुरलेल्या बाटल्या. सात महिने मी 'लाल वाइन आवडत नाही' म्हणत होतो. खरं म्हणजे मला तोंड कोरडं झालेलं आवडत नाही.

पण गंमत पुढेच आहे. आपण चहात दूध का घालतो? दुधातली प्रथिनं चहाचा तुरटपणा स्वतःकडे ओढून घेतात. मग वाइनशी चीज खातात त्यातही हेच असणार, म्हणून एकच शिराझ दोन दिवस दोन जेवणांबरोबर घेतली. शुक्रवारी तांबड्या रश्शाबरोबर. वहीत लिहिलंय: 'जाळ. तिखट दुप्पट झालं, वाइन आणखी खरखरीत. नाही.' अल्कोहोल आणि तुरटपणा दोन्ही मिरचीला चिथावणी देतात, हे त्या रात्री पोटात गेलेल्या तीन तांबे पाण्याने पटवलं. बाटलीचं बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली आणि शनिवारी, अर्धा तास आधी बाहेर काढून, चीज घातलेल्या ऑम्लेटबरोबर घेतली. नोंद: 'तीच का ही? जांभूळ, थोडी काळी मिरी, तोंड कोरडं नाही. हो.' बाटली तीच, उत्तर उलटं. 'कशाबरोबर' हा रकाना मी आळसाने सोडला असता तर ही बाटली कायमची बदनाम झाली असती.

अर्धा तास बाहेर का, तेही सांगतो. लाल वाइन फार गार असली की तुरटपणा जास्त टोचतो. म्हणून लोक म्हणतात 'रूम टेंपरेचर'ला प्या, पण ती रूम युरोपातली, सोळा-अठरा अंशांची. आपल्या मे महिन्यातल्या बत्तीस अंशांच्या खोलीत वाइन नुसती स्पिरिटसारखी नाकात जाते. न उघडलेली बाटली आधी फ्रिजमध्ये ठेवून थोडी गार करायची, एवढं पुरतं. माझ्या पहिल्या काही 'नाही' नोंदी याच्याच बळी असाव्यात, पण तेव्हा तापमान लिहिलंच नव्हतं, त्यामुळे आता काही म्हणता येत नाही.

व्हिस्कीचंही सांगतो, कारण त्यात माझे पैसे वाचले. माझी नेहमीची एक आहे आणि तिच्या दुप्पट किमतीची एक, जी पाहुणे आले की मी ऐटीत काढतो. मंजूला म्हटलं, माझी परीक्षा घे. तीन स्टीलचे पेले, दोघांत एकच व्हिस्की, तिसऱ्यात दुसरी, बुडाला चिठ्ठी चिकटवलेली. मी फक्त वेगळा पेला ओळखायचा. औषधाच्या मापाने दहा-दहा मिली, रात्री दोनच फेऱ्या, म्हणजे एकूण एक मोठा पेगच होतो. आधी बर्फ आणि सोडा घालून सहा फेऱ्या केल्या. दोन बरोबर आल्या. डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी सरासरी दोनच आल्या असत्या! मग बर्फ-सोडा बंद, व्हिस्कीइतकंच साधं पाणी. सहापैकी पाच बरोबर.

यात जादू नाही. गारव्याने वास दबतो, आणि ज्याला आपण चव म्हणतो त्यातला मोठा भाग वासच असतो. नाक चिमटीत धरून बडीशेप चावून बघ, नुसती किंचित गोड काडी चावल्यासारखं वाटतं. नाक सोडलं की बडीशेप येते. उलट काहीच न घालता नुसती प्यायली तरी अडचणच, आपल्याकडच्या बहुतेक व्हिस्कीत ४२.८ टक्के अल्कोहोल असतं, ते नाकाला बधिर करतं. तितकंच पाणी घातलं की ते साधारण २१ टक्क्यांवर येतं आणि मग दोन व्हिस्की वेगळ्या दिसायला लागतात. तेव्हा ठरवलं, सोड्याच्या संध्याकाळी स्वस्तातली. महागडी फक्त पाण्याबरोबर. पाहुण्यांना मात्र हे सांगितलेलं नाही, तूही कुठे बोलू नकोस.

वही फसते तीही सांगून ठेवतो. सर्दी असताना लिहिलेलं खोटं. घरात उदबत्ती किंवा कांद्याची फोडणी चालू असेल तर तेही खोटं. जड, कडू काही आधी घेतलं तर पुढची हलकी बीअर पाण्यासारखी लागते, म्हणून हलकं आधी. आणि कधी कधी दोष मालातच असतो. हिरव्या बाटलीतली एक बीअर मी 'रबर जळल्यासारखा वास, नाही' म्हणून बाद केली होती. नंतर लक्षात आलं की ती दुकानाच्या काचेत उन्हात उभी होती. प्रकाशाने हॉप्समधले घटक बिघडतात आणि हिरवी काच त्याला फारशी अडवत नाही. तीच बीअर कॅनमध्ये आणली तर ठीक होती. आता एका 'नाही'वर मी कुणालाच फाशी देत नाही, वेगळ्या दिवशी दुसरी संधी देतो.

तर तुझं काय? तू कोकम सरबत साखरेशिवाय पितोस, कैरी मिठाला लावून खातोस, सुपारीला मात्र कधी हात लावत नाहीस, पन्नाशी आली तरी. मला वाटतं तुझं 'कडू' हे माझ्यासारखंच 'तुरट' आहे. पण माझ्या वाटण्यावर पंचवीस वर्षांचा संसार नको. वाढदिवसाला अजून पाच आठवडे आहेत. दर शनिवारी एक, लहान बाटली मिळाली तर तीच घे: एक शेनिन ब्लाँ, एक सोव्हिन्यॉं ब्लाँ, एक रोझे, एक शिराझ. शिराझ चीज किंवा खिम्याबरोबर, रश्शाबरोबर नाही. वहिनींनाही वेगळी नोंद लिहायला लाव, आणि लिहून होईपर्यंत एकमेकांचं पान बघायचं नाही. मंजूच्या आणि माझ्या पानांवर इतका फरक निघाला की आता आमच्या घरी दोन वेगळ्या बाटल्या उघडाव्या लागतात.

पाचव्या शनिवारी दोघांच्या पानांचे फोटो पाठव. वाइन तेव्हा सांगतो. आणि येताना ती माझी निळी छत्री आण, दोन पावसाळे झाले.

तुझा,
विन्या