पाटी दारावर, बातमी गावभर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विडंबन करणाऱ्या खात्यांवरच्या पोस्ट खऱ्या समजून लोक कसे एकमेकांवर तुटून पडतात, यावरचा लेख आपल्या अंकात वाचला. खाते ओळखण्यासाठी त्यात दिलेला सल्ला थोडक्यात असा होता: ब्लू टिक आहे का बघा, नाव नीट वाचा आणि वेबसाइटचा पत्ता संशयास्पद वाटतो का ते तपासा. मी बरीच वर्षे वृत्तपत्राच्या डेस्कवर परदेशी बातम्या हाताळल्या आहेत. त्या अनुभवावरून सांगतो, ही तिन्ही कलमे नेमकी ऐन वेळी दगा देतात. कारण 'संशयास्पद वाटणे' हीच कसोटी मुळात कच्ची आहे.

नोव्हेंबर 2022 मधले इन्सुलिनचे प्रकरण घ्या. ट्विटरची मालकी नुकतीच बदलली होती आणि महिना आठ डॉलर भरले की कुणालाही ब्लू टिक मिळू लागली होती. त्याआधी कंपनी किंवा व्यक्तीची ओळख तपासून झाल्याखेरीज ही खूण मिळत नसे, त्यामुळे लोकांच्या डोळ्यांना तिची सवय झालेली होती. 10 नोव्हेंबरला एलाय लिली या अमेरिकी औषध कंपनीचे नाव आणि बोधचिन्ह लावलेल्या एका खात्याने जाहीर केले, की इन्सुलिन आता मोफत मिळेल. शेजारी निळी टिक होतीच. खात्याचे हँडल होते @EliLillyandCo. कंपनीने खुलासा केला आणि दिलगिरीही व्यक्त केली, पण त्याला काही तास लागले. त्या खुलाशात कंपनीने आपले खरे हँडल सांगितले: @LillyPad.

ही दोन हँडल शेजारी शेजारी ठेवा आणि कंपनीची काहीच माहिती नसलेल्या माणसाला खरे कोणते ते विचारा. शंभरातले नव्वद जण पहिल्याकडेच बोट दाखवतील, असे मला वाटते. त्यात कंपनीचे पूर्ण नाव आहे. दुसरे एखाद्या हौशी माणसाने घेतल्यासारखे दिसते. म्हणजे नाव कितीही बारकाईने वाचले असते, तरी वाचणारा फसलाच असता. उलट जितके बारकाईने वाचावे तितका फसला असता.

याचे कारण सोपे आहे. नक्कल करणारा आपल्या अपेक्षेला साजेल असे नाव निवडतो, कारण आपल्याला पटावे एवढाच त्याचा हेतू असतो. खऱ्या संस्थेला आपल्याला पटवायचे नसते. तिचे हँडल कुणीतरी केव्हातरी, त्या वेळी जे मोकळे होते किंवा आवडले त्यावरून घेतलेले असते. त्यामुळे खऱ्याच्या अंगावर जुने तऱ्हेवाईकपण राहते आणि खोटे इस्त्री केल्यासारखे सरळ असते.

हीच गोष्ट वेबसाइटच्या पत्त्यालाही लागू पडते. 2016 मध्ये, अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या धामधुमीत, abcnews.com.co या पत्त्यावर एक साइट चालत होती. ट्रम्प यांच्या सभेत निदर्शने करण्यासाठी आपल्याला साडेतीन हजार डॉलर मिळाले, असे एक निदर्शक सांगतो आहे, अशी 'बातमी' तिथे आली. ती ट्रम्प यांच्या मुलानेही पुढे पाठवली आणि प्रचारमोहिमेच्या माजी प्रमुखानेही. एबीसी या वृत्तसंस्थेचा खरा पत्ता त्या काळी abcnews.go.com होता. इथेही पाहा, मधला तो go खऱ्याच पत्त्यात आहे. वरवर पाहणाऱ्याला तोच उपरा वाटेल.

पत्ता वाचायची एक रीत आहे आणि ती उजवीकडून डावीकडे जाते. पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या आधीचा भाग घ्यायचा आणि शेवटच्या शब्दापासून मागे यायचे. co हा कोलंबिया देशाला दिलेला प्रत्यय आहे. त्या देशाच्या पद्धतीत com.co ही नावनोंदणीची एक मोकळी जागा आहे आणि तिच्या डावीकडे हवे ते नाव, शिल्लक असल्यास, कुणीही नोंदवू शकतो. ती साइट चालवणाऱ्याने abcnews नोंदवले. म्हणजे त्या पत्त्यात एबीसीचे काहीच नव्हते. पण रीत ठाऊक असली तरी तिला मर्यादा आहे. 'हा पत्ता एबीसीच्या नेहमीच्या पत्त्यापेक्षा वेगळा आहे' एवढे ती सांगते. नेहमीचा पत्ता कोणता, हे आपल्याला आधी माहीत असावे लागते.

म्हणून समोर आलेल्या खात्याचा चेहरा न्याहाळण्यात वेळ घालवू नये. आपल्याला आधीपासून ठाऊक असलेल्या दारातून आत जावे. संस्थेची वेबसाइट स्वतः उघडावी, तिच्या तळाशी समाजमाध्यमांची चिन्हे असतात त्यांवर दाबावे आणि ती ज्या खात्यावर नेतात ते आणि आपल्यासमोरचे खाते एकच आहे का, ते पाहावे. लिलीच्या बाबतीत दोन मिनिटांत निकाल लागला असता. पोस्टमधल्या दुव्यावर दाबून मात्र हे करू नये. तो दुवा आपल्याला नक्कल करणाऱ्याच्याच घरी नेतो.

इथवर वेश घेणाऱ्यांबद्दल झाले. उपहासाला वाहिलेल्या साइटची गोष्ट वेगळी. 'द अनियन' 1988 पासून थट्टेच्या बातम्या छापते आणि ते लपवतही नाही. 2012 मध्ये तिने उत्तर कोरियाचे किम जोंग-उन यांना त्या वर्षीचा सर्वांत मादक पुरुष ठरवले. चीनच्या 'पीपल्स डेली' या वृत्तपत्राच्या संकेतस्थळाने ती बातमी खरी मानून पंचावन्न छायाचित्रांच्या मालिकेसह प्रसिद्ध केली. लोक याला हसतात आणि विसरतात. मला डेस्कवरचा माणूस म्हणून दुसरीच गोष्ट दिसते. मूळ मजकुरातच याआधीच्या विजेत्यांची नावे होती: सीरियाचे तेव्हाचे हुकूमशहा बशर अल-असद, हजारो गुंतवणूकदारांना बुडवणारा बर्नी मॅडॉफ, टपालाने बॉम्ब पाठवणारा टेड कझिन्स्की. शेवटपर्यंत वाचणाऱ्याला अज्ञानी राहणे अवघड होते. किमचे गुणगान करणारी वाक्ये उचलताना ही यादी कुणाच्या नजरेला पडली नाही, किंवा पडूनही काही खटकले नाही. पुढे 'अनियन'ने आपल्या बातमीखाली, अधिक तपशिलासाठी आमच्या चिनी उपकंपनीकडे पाहा, अशी पुरवणी जोडली, ते वेगळेच.

उपहासाची खूण अशी बहुधा शेजारी असते: त्याच मजकुराच्या तळाशी, त्याच पानावरच्या इतर मथळ्यांत, खात्याच्या मागच्या दहा पोस्टमध्ये. एक वाक्य खरे वाटू शकते, किंबहुना चांगला उपहास निम्म्याहून अधिक खरा वाटतोच. सलग दहा मथळे मात्र खरे वाटत नाहीत. म्हणून एकाच पोस्टकडे टक लावून बसण्यापेक्षा खात्यावर जाऊन खाली सरकत राहावे. फेसबुकवर असाल तर पेजच्या माहितीत 'पेज ट्रान्सपरन्सी' नावाचा भाग असतो. पेज केव्हा तयार झाले आणि त्याचे नाव आजवर कितीदा बदलले, ते तिथे दिसते. काल एखाद्या नटाचे चाहते-पेज असलेले आज 'न्यूज' झाले असेल, तर ते तिथे उघडे पडते. विडंबन करणारे सहसा असे नाव बदलत फिरत नाहीत. त्यांना आपल्याच नावाने टाळी हवी असते.

अडचण स्क्रीनशॉटची आहे. त्यात बायो नसतो, मागच्या पोस्ट नसतात, तळाची यादी नसते. दारावरची पाटी घरीच राहते आणि गावभर फिरते ती बातमी. एक्सने एप्रिल 2025 पासून विडंबन खात्यांना 'पॅरडी' किंवा 'फेक' असा शब्द नावाच्या सुरुवातीलाच लावायला सांगितले आणि ज्याची थट्टा चालते त्याचेच छायाचित्र जसेच्या तसे वापरायला मनाई केली. हा नियम उशिरा का होईना योग्य आहे. नावाच्या शेवटी लावलेला शब्द मोबाइलच्या अरुंद पडद्यावर कापला जायचा आणि उरायचे ते हुबेहूब मंत्र्याचे नाव. पण जुने स्क्रीनशॉट जुन्याच नावाने फिरत राहणार, शिवाय चित्र कातरताना नावाची ओळ उडवणे हा दोन बोटांचा खेळ आहे. ज्या चित्रात हँडल दिसत नाही, त्यावर माझा साधा नियम आहे: प्रतिक्रिया द्यायची नाही. पोस्टमधले एक सलग वाक्य अवतरणचिन्हांत टाकून शोधायचे. मूळ खाते सापडले तर वरची तपासणी करायची, नाही सापडले तर सोडून द्यायचे. एखादी प्रतिक्रिया दिली नाही म्हणून कुणाचे अडत नाही.

आता 'आम्ही तर उपहास लिहितो' म्हणणाऱ्या एका जातीबद्दल. abcnews.com.co चालवणाराही स्वतःला उपहासकारच म्हणवत असे. मला ते मान्य नाही. 'अनियन'चा विनोद कळला की वाचक हसतो. त्या निदर्शकाच्या बातमीत कळण्यासारखा विनोदच नव्हता. ती खरी मानली तरच तिचा उपयोग होता. मजकूर थट्टा आहे हे कळल्यावर त्यात काही शिल्लक राहते का, असा प्रश्न मी स्वतःला विचारतो. इन्सुलिनच्या पोस्टमध्ये शिल्लक राहते. त्या औषधाच्या किमतीवर अमेरिकेत खराच संताप होता आणि पोस्टचा रोख त्यावर होता. तरीही ती वाचून एखाद्या मधुमेही रुग्णाने आशा लावली असेल, तर तिच्यातली चलाखी त्याच्या काय कामाची? ही दोन्ही मते माझ्या मनात एकदम नांदतात आणि मी त्यांची तडजोड लावायला गेलेलो नाही.

आपल्याकडून एक अपेक्षा आहे. आपले 'सत्यशोधन' सदर उपहासालाही 'खोटी बातमी' असा शिक्का मारते. 2018 मध्ये 'द बॅबिलॉन बी' या उपहासाच्या साइटने लिहिले होते, की सीएनएनने बातम्यांना हवा तसा पीळ देण्यासाठी कारखान्यात वापरतात तसले धुलाईयंत्र घेतले. एका तथ्यतपासणी संस्थेने ते 'खोटे' ठरवले, त्यावरून फेसबुकने साइटला ताकीद दिली आणि नंतर चूक झाल्याचे कबूल केले. 'खोटे' म्हटले की वाचक लेखकाला लबाड समजतो. 'उपहास' म्हटले की त्याला कळते, आपण संदर्भ गमावला. तेव्हा शिक्के दोन ठेवावेत. आणि स्क्रीनशॉट छापताना त्याखाली मूळ हँडल, ते खाते स्वतःबद्दल काय म्हणते ती ओळ आणि पोस्टची तारीख छापावी. एका ओळीत मावेल एवढीच ती जागा आहे.

आपला,
एक निवृत्त उपसंपादक