मनूच्या पहिल्या फडताळासाठी

कराड, गुरुवार रात्र

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

ओसरीवर तू सोडून गेलेले दोन्ही बॉक्स आज परत दुकानात नेले. तुझी वहिनी म्हणाली, राहू देत, पुढच्या खेपेला नेईल. पण रवा ओसरीवर ठेवला तर चार दिवसांत त्यात जाळी होते, हे तिला कोण सांगणार. नेताना वजन केलं. एकोणतीस किलो. तेव्हा तू ओरडलीस ते बरोबरच होतं. "दादा, मला तिथं दुकान टाकायचं नाही, राहायचंय." तुझं हे वाक्य आईनं गल्लीत सगळ्यांना सांगून झालंय.

भांडण झालं त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. खोली घेतलीस, घेतलीस. मेस नको म्हणालीस, ठीक. मला फक्त रात्री नऊचं सांगायचं आहे. ऑफिसातून तू कर्वेनगरला पोचणार नऊला. बूट काढणार, पंखा लावणार, गादीवर पडणार, आणि मग चहा नि खारी. मला दिसतंय ते. तेव्हा खाली लिहितोय ती यादी त्या नऊ वाजताची आहे असं समज. सणावाराचं सामान वहिनी सांगेल.

दुकानदार असून सांगतो, कमी घे. पावसाळ्यात एकट्या माणसानं महिन्याचं भरूच नये, पंधरा दिवसांचं भरावं. तांदूळ दोन किलो. इंद्रायणी घेतलास तर भात चिकट होतो, पण खिचडीला तोच चांगला. मुगाची डाळ अर्धा किलो, तूरडाळही अर्धाच. बेसन अर्धा किलो, जाडे पोहे अर्धा किलो, रवा अर्धा किलो. कच्चे शेंगदाणे अर्धा किलो, गूळ पाव किलो. तेल एक लिटर. मोहरी, जिरं पन्नास-पन्नास ग्रॅम, हळद शंभर, हिंगाची लहान डबी. मीठ, साखर, चहा तू घेशीलच. चटणी मी पाठवतोय, पुण्यात 'कांदा-लसूण मसाला' म्हणून जे मिळतं ते घेऊ नकोस. मटकी पाव किलोच्या वर नको. अख्ख्या कडधान्याला भुंगा लवकर लागतो, डाळीला तितका लागत नाही. दाण्यावर पांढरे ठिपके दिसले की ती भुंग्याची अंडी. टाचणीएवढं गोल भोक दिसलं तर आतला बाहेर पडून गेलाय. अशी मटकी घ्यायची नाही, आणि घरात झाली तर निवडत बसायचं नाही, टाकायची.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगतो, बाहेर बोलू नकोस. आम्ही नवा माल मागं लावतो, जुना पुढं. त्यामुळं पुढचं पाकीट उचलायचं नाही, हात मागं घालायचा आणि तारीख बघायची. रव्याचं पाकीट उजेडात धरून हलकं तिरकं कर. दाणे सुटे घसरले तर ठीक. एकमेकांना धरून, धाग्याला टांगल्यासारखे लोंबले तर आत जाळी आहे. नाना गेले त्या वर्षी आपल्याच दुकानातून अशी पन्नास पाकिटं मी परत घेतली होती, तेव्हापासून मला हे लांबून कळतं. बेसनाची चिमूट जिभेवर ठेवून बघ, कडवट लागलं तर जुनं. दुकानदार चिमूट देत नसेल तर दुकान बदल. शेंगदाण्यातले सुरकुतलेले, काळे पडलेले दाणे निवडून टाक आणि एखादा दाणा कडू लागला तर गिळू नकोस, थुंक. बुरशीचा असतो तो.

घरी आणल्यावर रवा लगेच भाज. मंद आचेवर, कोरडाच, रंग बदलायच्या आत आणि वास सुटल्यावर. मग ताटात पसरून पूर्ण गार होऊ दे. इथंच सगळे चुकतात. कोमट रवा डब्यात भरला की झाकणाला आतून घाम येतो, आणि तुझ्या मेहनतीला चार दिवसांत बुरशी. पोहेही तसेच कढईत गरम करून घे, सादळलेले पोहे भिजवले की लगदा होतो. मीठ स्टीलच्या डब्यात ठेवू नकोस, डबा खातं ते. काचेच्या बरणीत ठेव आणि तळाशी तांदळाचे दहा-बारा दाणे टाक. हिंग मसाल्याच्या डब्यात नको, नाहीतर महिनाभर तुझ्या चहालासुद्धा हिंगाचा वास येईल. शेंगदाण्याचं कूट आठवड्याचंच कर. तुझ्याकडं फ्रीज नाही, कूट खवट व्हायला वेळ लागत नाही. दाणे मात्र भाजून ठेव, ते टिकतात.

शाळूचं पीठ मी यादीत धरलेलं नाही. तुला भाकरी येते, पण पीठ दळून पंधरा-वीस दिवस झाले की त्याची विरी जाते. थापताना कडा फाटतात आणि मग तू म्हणणार, माझा हातच बसत नाही. हात ठीक आहे तुझा. गिरणी जवळ सापडली तर किलोभर दळून आण, नाही तर पुण्यात भाकरी विकत मिळते, त्यात काही लाज नाही.

हे सगळं वाचून तू म्हणशील, दादा, यात मी जेवू कधी? तर ऐक. दाराजवळच्या फळीवर एक बरणी ठेवायची, भाजलेले दाणे आणि गूळ. घरात पाय ठेवल्याबरोबर मूठभर. पडायच्या आधी. मग दोन लिटरचा छोटा कुकर, जो तू नेलास. त्यात थेट चमचाभर तेल, मोहरी, जिरं, हिंग, हळद, पाऊण चमचा चटणी. अर्धी वाटी तांदूळ आणि पाव वाटी मूगडाळ एकत्र धुऊन घालायची, दोन मिनिटं परतायची, सव्वादोन वाटी पाणी, मीठ. तीन शिट्ट्या. तूरडाळ असती तर भिजवायला लागली असती, मुगाला ते लागत नाही. शिट्ट्या होईपर्यंत कपडे बदल, वाफ जिरेपर्यंत आईला फोन कर. वाफ आपोआप जिरू दे, शिट्टी उचलून काढू नकोस. अर्ध्या तासात ताटात. वर लिंबू पिळ. लिंबू चवीपुरतं नाही, डॉक्टरनी काय सांगितलं होतं आठवतं ना, जेवणातलं लोह अंगी लागायला ते हवं. आणि जेवणाला लागून चहा नको, तास-दीड तास तरी जाऊ दे.

बघ, नको म्हणता म्हणता मी तिथंच आलो.

हॉस्टेलच्या जिन्यात तू पडलीस त्याला आता दोन वर्षं होतील. त्या रात्री मी पुण्याची गाडी पकडली तेव्हा खिशात दुकानाच्या किल्ल्या तशाच राहिल्या होत्या. सकाळी वहिनीनं कुलूप तोडून दुकान उघडलं. दवाखान्यात तुझा रिपोर्ट हातात घेतला, हिमोग्लोबिन सात पॉइंट नऊ, आणि मी त्या नर्सला विचारलं की बारापैकी का? ती हसली. तू पण हसलीस, सलाईन लावलेलं असताना. मला हसू आलं नाही. माणूस धान्य विकतो आणि त्याची बहीण उपाशी राहून चक्कर येऊन पडते. हे मी कुणाला बोललेलो नाही, आईलाही नाही. एकोणतीस किलोचा हिशोब हा असा आहे, मनू. रागावू नकोस.

पुरे. बेसनाचं राहिलं. खिचडीचाही कंटाळा आला त्या दिवशी पिठलं. चार चमचे बेसन दीड वाटी पाण्यात आधीच कालवून ठेवायचं, गुठळी राहायला नको. फोडणीत लसूण, मिरची, कांदा, त्यात हे ओतायचं आणि ढवळत राहायचं. पाच-सात मिनिटांत घट्ट होतं आणि बेसनाचा कच्चा वास जातो. तो वास गेल्याशिवाय गॅस बंद करायचा नाही, पोट दुखतं. नाना तुला पिठल्यावर कच्चं तेल घालून द्यायचे, तसं घाल. मी मागितलं की मला म्हणायचे, तेलाचा भाव माहीत आहे का.

रविवारची तूरडाळ करशील तेव्हा एवढंच बघ. चिंच, आमसूल डाळ शिजल्यावर घालायची, आधी घातली तर डाळ दडस राहते. पाच शिट्ट्या होऊनही दाणा दाताखाली आला तर एक तर डाळ जुनी, नाही तर बिल्डिंगचं पाणी बोअरचं. प्यायच्या पाण्यात एकदा शिजवून बघ, म्हणजे कुणाचा दोष ते कळेल. डाळ जुनी निघाली तर मला सांग, दुकानदाराशी भांडू नकोस. म्हणजे भांड, पण तुझं वय बघून तो दाद देणार नाही.

पहिल्या पगारातून तू स्वतः तवा आणि डबे घेतलेस, फोटो बघितला. चारही डब्यांवर चिकटपट्टी लावून नावं लिहिलीत. 'तांदुळ' मधला दु दीर्घ नाही लिहिलास, पण अक्षर नानांसारखं आहे. फोटो दुकानात दोन गिऱ्हाइकांना दाखवला. त्यांनी विचारलं नव्हतं.

शनिवारी सकाळच्या गाडीनं चटणीची बरणी आणि आईचे लाडू पाठवतोय, शेजारचा पोरगा पुण्याला येतोय, तो तुला फोन करील. बरणीला कोरडा चमचा लावायचा. ओला लावलास तर आईला सांगेन.

तुझा
दादा

ता. क. कुकरची रिंग एक जादा घेऊन ठेव. रिंग गेली की शिट्टी होत नाही, कडेनं नुसती वाफ जाते, आणि ते नेमकं रात्री नऊलाच होतं.