बापूच्या घाण्याचा मार्केटिंग प्लॅन

पुणे

प्रिय बापू,

तुझ्या कराडच्या तेलघाण्यासाठी जाहिरात एजन्सीनं केलेला बावीस पानी प्लॅन परवा रात्री जेवण झाल्यावर वाचायला घेतला आणि दोनदा वाचला. दिसायला देखणा आहे. घाण्याचा तो सकाळचा फोटो तर मी फोनवर लावून टाकलाय. पण सही एवढ्यात करू नकोस.

तिसऱ्या पानावर उद्दिष्टं आहेत: 'ब्रँडची ओळख वाढवणे, ग्राहकांशी नातं दृढ करणे, विक्रीला चालना देणे.' यात तेल नाही, कराड नाही. ही तीन वाक्यं साड्यांच्या दुकानालाही चालली असती, आणि मला तर वाटतं तिथूनच आली असावीत. किती, कधीपर्यंत, आज कुठे आहोत, यातलं काहीच नाही. महिन्याला एक लिटर जास्त खपलं तरी चालना मिळालीच की!

मग अठराव्या पानावर एकदम आकडे सुरू होतात. सहा महिन्यांत दहा हजार फॉलोअर्स, महिन्याला दोन लाख इम्प्रेशन्स, पोस्टला अमुक इतके लाइक्स. मी पेन्सिल घेऊन प्रत्येक आकड्यापासून तिसऱ्या पानावरच्या एखाद्या उद्दिष्टापर्यंत रेघ ओढायचा प्रयत्न केला. एकही पोचली नाही. इम्प्रेशन्स म्हणजे जाहिरात किती वेळा दिसली. एकाच माणसाला दहादा दिसली तर दहा मोजतात. आणि नागपूरचा फॉलोअर पाच लिटरचा डबा मागवणार आहे का? कुरियरचा खर्च ऐकूनच गप्प बसेल. मी अशा प्रत्येक आकड्याला एकच प्रश्न विचारतो: हा दुप्पट झाला आणि गल्ला तसाच राहिला, तर बापू खूश होईल का?

आता तुझंच गणित मांडू. तू म्हणालास, महिन्याला ६०० लिटर जातं आणि घाणा १००० लिटर काढू शकतो. म्हणजे ४०० लिटरची जागा रिकामी आहे. एक घर महिन्याला साधारण चार लिटर नेतं, म्हणजे तुला कायमची १०० घरं हवीत. हे झालं उद्दिष्ट: सहा महिन्यांत १०० नवी कायमची घरं, कराड आणि आसपासची.

पण पहिल्यांदा येणारा प्रत्येक जण टिकत नाही. तू पाठवलेल्या बिलबुकाच्या फोटोंत मी फोन नंबर जुळवत बसलो (बायको म्हणाली, ऑडिट करताय का). पहिल्यांदा आलेल्या ५० जणांपैकी २० जण दोन महिन्यांच्या आत परत आले. म्हणजे १०० घरं टिकवायला २५० जणांनी एकदा तरी डबा न्यायला हवा, महिन्याला साधारण ४२ नवे. एजन्सी महिन्याला २५,००० मागते, सहा महिन्यांचे दीड लाख. नवा माणूस ६०० रुपयांना पडला आणि टिकलेलं घर १,५०० ला. तुला लिटरमागे ६० सुटतात, घरामागे महिन्याला २४०. सहा-सात महिन्यांत पैसे वसूल. वाईट नाही, पण हे प्लॅनमध्ये त्यांनी मांडायला हवं होतं.

आणि बघ, पन्नासातले वीसऐवजी पंचवीस परत आले, तर २५० ऐवजी २०० नवे पुरतात. पहिला डबा संपत आला असेल तेव्हा वहिनींनी एक फोन केला, तरी त्यातले काही येतील. त्याला एजन्सी लागत नाही. पण बावीस पानांत परत येणाऱ्या गिऱ्हाइकाबद्दल अवाक्षर नाही.

तेव्हा त्यांना तीनच आकडे दरमहा मागायचे: नवे गिऱ्हाईक किती, दोन महिन्यांत परत आले किती, एका नव्यामागे खर्च किती. इम्प्रेशन्स फेकून देऊ नकोस. नवे येईनासे झाले तर जाहिरात कराडात दिसतेय की नाही, हे त्यावरून कळतं. पण त्यावर बिल द्यायचं नाही.

यासाठी बिलबुकात 'कुठून कळलं' असा एक रकाना वाढव. निम्मे लोक 'असंच' म्हणतील, हे धरूनच चाल. जाहिरातीत वेगळा मोबाइल नंबर टाकलास तर थोडं जास्त खरं कळेल.

एक गोम मात्र आहे. त्यांनी काम ऑक्टोबरला सुरू करायचं ठरवलंय आणि पहिला अहवाल दिवाळीनंतर. दिवाळीत तुझं तेल जाहिरात नसतानाही जास्त खपतं. चकल्या काय फॉलोअर्स तळतात? ऑक्टोबर-नोव्हेंबरची तुलना सप्टेंबरशी नको, गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी हवी, आणि दिवाळी पुढेमागे सरकते म्हणून दोन्ही महिने एकत्र धरायचे.

गेल्या दिवाळीची बिलबुकं मात्र फोटोंत नव्हती. पोटमाळ्यावर असतील तर काढून ठेव, रविवारी मी येतोच आहे. आईंना नमस्कार सांग.

तुझा,
दिगू