बाबांच्या अंगठ्याचं नख आणि रविवारची बाटली

नाशिक

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा नखाच्या बुरशीवरच्या औषधाबद्दल म्हणाले, "चार आठवडे लावलं, नख जसंच्या तसं पिवळं. औषध बोगस आहे." मेडिकलच्या काउंटरवर उभी असते तेव्हा हेच वाक्य मला दर आठवड्याला कुणाकडून तरी ऐकायला मिळतं. बहुतेक जण दुसऱ्या महिन्यात बाटली कपाटात टाकतात आणि वर्षानं तेच नख घेऊन परत येतात. फोनवर बाबा मला मध्येच थांबवतात, म्हणून सगळं सविस्तर लिहून पाठवते आहे. आई, तू हे त्यांना मोठ्यानं वाचून दाखव.

बाबा, आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. जे नख पिवळं, जाड आणि भुसभुशीत झालंय ते या औषधानं परत गुलाबी होणार नाही, कधीच नाही. नख म्हणजे मेलेला भाग, तो दुरुस्त होत नाही. औषधाचं काम एवढंच, की मुळातून जे नवं नख येतंय त्यात बुरशीला शिरू द्यायचं नाही. जुनं नख हळूहळू पुढे सरकत जाणार आणि आपण ते कापत जाणार. म्हणजे हा सगळा हिशोब नखाच्या वाढीचा आहे.

तो हिशोब मांडूया. मी आले होते तेव्हा तुमच्या उजव्या अंगठ्याचं नख फूटपट्टीनं मोजलं होतं. मुळापासून टोकापर्यंत साधारण १८ मिलिमीटर. त्यातले मुळाकडचे ८ स्वच्छ, पुढचे १० खराब. पायाच्या अंगठ्याचं नख चांगल्या तब्येतीत महिन्याला दीड मिलिमीटरच्या आसपास वाढतं, वय झालं की त्याहून कमी. तुमच्यासाठी १ धरते. खराब भाग टोकाबाहेर जायला १० मिलिमीटर पुढे सरकावं लागणार, म्हणजे दहा महिने. या पावसाळ्यात सुरू केलंय, तर पुढच्या उन्हाळ्यात कळेल. चार आठवड्यांत नख सरकलं असेल जेमतेम १ मिलिमीटर, ते डोळ्यांना दिसणार कसं? पायाच्या नखाला नऊ ते बारा महिने लावायला सांगतात ते यासाठीच.

आता घासण्याचं. आई म्हणाली, बाबा ब्रशनं रंग लावतात तसं नुसतं औषध लावून मोकळे होतात, नख घासायची पट्टी वापरतच नाहीत. बाबा, एसटीच्या वर्कशॉपमध्ये तुम्ही गंज न खरवडता पत्र्याला प्रायमर मारला असता का? तेच इथे. जाड, थरावर थर चढलेल्या नखातून औषध आत झिरपत नाही, वरच वाळून बसतं. नख घासून पातळ केलं तरच ते खाली बुरशीपर्यंत पोचतं. अर्धं काम पट्टीचं आणि अर्धं बाटलीचं, असं समजा.

दर रविवारी असं करायचं. आंघोळ झाल्यावर नख मऊ असतं, तेव्हा वाढलेला आणि सुटलेला भाग कापून टाका. मग पाय, बोटांच्या बेचक्यांसकट, अगदी कोरडे पुसा. नख पुरतं कोरडं झालं की औषधाच्या डब्यातला स्पिरिटचा बोळा घेऊन मागच्या रविवारचा औषधाचा चकचकीत थर पुसून काढा. तो राहू दिला आणि त्यावरच नवा थर दिला, तर थर चढत जातात आणि औषध नखाला लागतच नाही. थर निघाला की पट्टीनं नखाचा खराब भाग वरून घासा. जोरात नाही, एकाच दिशेनं, पृष्ठभाग खरखरीत आणि जरा पातळ होईपर्यंत. दुखायला लागलं किंवा खालची कातडी गुलाबी दिसायला लागली की थांबा. मुळाकडच्या स्वच्छ भागाला हात लावू नका. खाली वर्तमानपत्र पसरा, कारण जो भुगा पडतो त्यात बुरशी असते. कागद घडी घालून थेट कचऱ्यात, अंगणात झटकायचा नाही.

घासून झालं की नवा बोळा घेऊन नख पुन्हा पुसा, म्हणजे भुगा आणि तेलकटपणा जाईल. मग डब्यातली छोटी काडी बाटलीत बुडवून औषध सगळ्या नखावर सारखं लावा. काडी बाटलीच्या तोंडावर पुसू नका, औषध तिथे वाळतं आणि झाकण असं घट्ट बसतं की पकडीनं उघडावं लागतं. तीन-पाच मिनिटं पाय पसरून बसा, वाळेल. एकदा वाळलं की पाण्यानं जात नाही, त्यामुळे संध्याकाळी पाय धुतले तरी चालतं. काडी बोळ्यानं पुसून ठेवा. सगळं मिळून अर्ध्या तासाच्या आत होतं.

पट्टीबद्दल एक कडक नियम: खराब नखावर वापरलेली पट्टी चांगल्या नखाला लावायची नाही. नाहीतर तुम्ही स्वतःच्या हातानं दुसऱ्या नखात बुरशी पेराल. वापरलेली पट्टी फेकून द्या, मी भरपूर पाठवते आहे. नेलकटरही तुमचा वेगळा ठेवा.

आणि पलीकडच्या काकांचं ऐकून रोज लावायला लागू नका. त्यांची बाटली सायक्लोपिरॉक्सची आहे, ती रोज लावून आठवड्यातून एकदा स्पिरिटनं पुसायची असते. तुमची अमोरोल्फिन पाच टक्के, आठवड्यातून एकदा. दोन्ही नखांचीच औषधं, पण पद्धत वेगळी. एखादा रविवार चुकला तर दुसऱ्या दिवशी लावा आणि पुढे चालू ठेवा, दुप्पट लावून भरपाई होत नाही.

तुम्ही विचारलंत, की गोळी घेतली असती तर लवकर झालं नसतं का? टर्बिनाफिनच्या गोळ्या पायाच्या नखासाठी साधारण तीन महिने घेतात आणि त्या लावायच्या औषधापेक्षा जास्त परिणामकारक आहेत, हे खरं. पण नवं नख उगवायला वेळ तेवढाच लागतो. शिवाय तुम्ही प्रेशरसाठी मेटोप्रोलॉल घेता. टर्बिनाफिन ते शरीरात मोडायचं काम मंदावतं, मग मेटोप्रोलॉल रक्तात साठतं आणि नाडी फार मंद होऊ शकते. तुमच्या लिव्हरची तपासणीही जरा वरची आली होती. नख एकच, मूळ स्वच्छ आणि खराब भाग निम्म्याच्या आसपास, म्हणून डॉक्टरांनी बाटली दिली. मूळच पिवळं झालं असतं किंवा पाच-सहा नखं धरली असती, तर मीच सांगितलं असतं की नुसत्या बाटलीवर वेळ घालवू नका.

औषध चालतंय की नाही हे बघायची एक युक्ती सांगते, तुम्हाला आवडेल. जिथे स्वच्छ भाग संपतो आणि पिवळा सुरू होतो, तिथे स्वच्छ बाजूला नव्या पट्टीच्या कोपऱ्यानं अगदी हलकी आडवी रेघ ओढा, फक्त खूण दिसेल एवढीच. रेघ नखाबरोबर पुढे सरकेल. पिवळा भाग रेघेच्या पुढेच राहिला, तर औषध काम करतंय. पिवळा रेघ ओलांडून मुळाकडे आला, तर बुरशी जिंकतेय आणि डॉक्टरांना दाखवायला हवं. रेघ पुसट झाली तर त्याच जागी पुन्हा ओढा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पिंट्याकडून फूटपट्टी शेजारी ठेवून फोटो काढून घ्या आणि मला पाठवा. रोज निरखून काही कळणार नाही, तीन फोटो एकाशेजारी एक ठेवले की कळतं.

अजून एक. नखाच्या मधोमध मुळाकडे जाणारा दाट पिवळा पट्टा दिसायला लागला तर लगेच कळवा. तिथे बुरशीचा गठ्ठा असतो, त्यात औषध शिरत नाही, डॉक्टर तो भाग कापून काढतात. नखाभोवती लाल झालं, सूज आली किंवा पू दिसला तर रविवारची वाट न बघता औषध थांबवून दवाखान्यात जा.

खरं सांगायचं तर सगळं नीट करूनही काहींचं नख पूर्ण साफ होत नाही. तुमच्या अंगठ्यावर तो जॅक पडला होता, त्यामुळे बुरशी गेली तरी नख थोडं वाकडं, जाड राहील अशी शक्यता आहे. म्हणून दिसण्यावरून थांबायचं नाही. सहाव्या-सातव्या महिन्यात नख बरंचसं चांगलं दिसायला लागतं आणि नेमकं तेव्हाच लोक सोडतात. पुढे उरलेल्या पिवळ्या तुकड्यात बुरशी असतेच, आणि मोकळं मिळालं की ती परत मागे चालत येते.

पायाच्या बेचक्यांतल्या चिखल्यांकडेही लक्ष द्या. तीच बुरशी तिथे राहते आणि नखात शिरते. डॉक्टरांनी दिलेलं मलम तिथे सांगितलेले दिवस लावा, खाज थांबली म्हणून सोडू नका. आपल्याकडे चिपळूणला जूनपासून चपला वाळतच नाहीत, म्हणून दोन जोड आळीपाळीनं वापरा. बाटलीतलं द्रव पेट घेतं, ती देवघरात समईजवळ ठेवू नका. झाकण घट्ट लावून लोखंडी कपाटात, पिंट्याच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

गणपतीला येताना पट्ट्या आणि बोळे आणते, तोवरचं पार्सल उद्या टाकते.

तुमची,
माई

ता. क. आई, तुझ्या पायाचंही नख पिवळं दिसतंय म्हणालीस, म्हणून बाबांची बाटली लावू नकोस. पिवळं आणि जाड झालेलं प्रत्येक नख बुरशीचं नसतं, सोरायसिसनं किंवा चपलेच्या दाबानंही तसं होतं. बाबांच्या नखाचा भुगा आधी लॅबमध्ये बघितला होता, त्यात बुरशीचे धागे दिसले, मगच औषध सुरू झालं. तुझंही तसंच होऊ दे, आणि नमुना औषध लावायच्या आधीच द्यावा लागतो. तुला साखर आहे, त्यामुळे घरी पट्टी घेऊन बसू नकोस, जखम झाली तर लवकर भरत नाही. पुढच्या वेळी साखर मोजायला जाशील तेव्हा डॉक्टरांना पाय दाखव.