सोमवारी पाठ मोकळी ठेवा, अण्णा

ति. अण्णा आणि ति. आई यांस,

सा. न.

आधी रागवायचं ते रागवून घ्या, मग पुढचं वाचा. बापूकाकांना काल मी फोन केला. त्यांच्या बंगल्याच्या गिलाव्याला अण्णा येणार नाहीत, असं सांगून टाकलं. तुम्हाला न विचारता. विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, ‘एवढं काम उरकतो, मग बघू.’ हे वाक्य मी आठवीत होते तेव्हापासून ऐकते आहे. काका नाराज नाहीत. उलट म्हणाले, ‘अण्णाला नुसतं खुर्चीत बसून ओळंबा बघू दे, हजेरी मी देतो.’ त्याचं नंतर ठरवू.

गणपतीत घरी आले होते तेव्हा अण्णा चहाची कपबशी धरत होते, तो हात मी बघितला. बोटांच्या बेचक्यात बारीक पाण्याचे फोड आणि मनगटापर्यंत लाल चट्टे. रात्री झोपेत खाजवत होते. आई, तू म्हणालीस, ‘नेहमीचंच आहे, सिमेंट खातं हाताला.’ मीही स्किनच्या ओपीडीत नर्स असून दोन दिवस तसंच समजले, याचीच मला जास्त लाज वाटते. कारण हे नेहमीचं नाही.

नेहमीचं कसं होतं ते आठवा. थंडीत अण्णांच्या बोटांना भेगा पडायच्या, सांधे खरखरीत व्हायचे, आग व्हायची. पण यात्रेला आठ दिवस काम बंद असलं की हात भरून यायचे, आणि रात्री खोबरेल चोळायचं काम माझं असायचं. ती सिमेंटच्या क्षाराची झीज. ओला माल बोटांना बुळबुळीत लागतो ना, तो काही अंशी आपल्याच कातडीतल्या तेलाचा साबण होत असतो. वर वाळू घासते, पाणी सुकवतं. कोणाचाही हात त्यात फाटेल, बिगाऱ्याचा आणि इंजिनियरचाही.

आताचं वेगळं आहे. दिवाळीच्या सुट्टीत पंधरा दिवस थापी हातात नव्हती, तरी फोड गेले नाहीत असं तूच फोनवर सांगितलंस. त्यात दुखण्यापेक्षा खाज जास्त. आणि ज्या पापणीला माल कधी लागला नाही ती सुजली. म्हणून मला क्रोमची ॲलर्जी वाटते. सिमेंटमध्ये क्रोमियमचा अगदी थोडा अंश असतो, पाण्यात विरघळणारा. फाटलेल्या कातडीतून तो वर्षानुवर्षं आत जातो आणि एक दिवस शरीर त्याला शत्रू ठरवतं. मग तीस वर्षं चाललेलं काम अचानक चालेनासं होतं, आणि माणूस म्हणतो, ‘या वेळची गोणीच खराब आली.’ एकदा ओळख पटली की ती बहुतेक जन्मभर राहते. नंतर चिमूटभर मालही पुरतो. दोन्ही त्रास एकत्रही असतात, म्हणून नुसतं बघून मी शपथेवर सांगणार नाही.

त्यासाठी सोमवारची वेळ घेतली आहे. घाबरू नका, सुई नाही, रक्त नाही. पाठीवर चिकटपट्टीखाली छोट्या वाट्यांत वेगवेगळे पदार्थ लावतात. क्रोम असतं, कोबाल्ट असतं, आणि रबरी हातमोज्यांतली रसायनंही असतात, कारण कधी कधी माणूस सिमेंटपासून वाचायला मोजा घालतो आणि मोज्याचीच ॲलर्जी निघते. बुधवारी पट्ट्या काढून बघतात, शुक्रवारी पुन्हा. क्रोमच्या जागी लाल, उंच, खाजरा चट्टा उठला तर कळलं. नाहीच काही उठलं तर क्षाराची झीज धरून चालायचं. तिची वेगळी चाचणी नसते.

तोवर मेडिकलवाल्यानं दिलेली ट्यूब पाठीला लावू नका. गावात डॉक्टरांकडून नवी सुई घेऊ नका, आणि मागची कधी घेतली ती तारीख कागदावर लिहून आणा. सुईचा जोर अंगात असेल तर ॲलर्जी असूनही पाठ कोरी दिसते. रोजची कुठली गोळी चालू असेल तर मनानं बंद करू नका, पाकीट घेऊन या.

पाच दिवस माझ्याकडेच राहायचं. गॅलरीकडची खोली रिकामी केली आहे, खाली गादी नको म्हणून पलंग लावला आहे, भाकरीचं पीठ आणून ठेवलं आहे. आंघोळ मात्र कमरेखालची. आई, तू पाठ पुसायच्या नादात पट्टी ओली करशील, म्हणून आधीच सांगते.

अण्णा, तुमचा गुडघा मला अजून दिसतो. मागच्या खोलीचा कोबा घातला त्या दिवशी तुम्ही ओल्या मालात गुडघे टेकून दुपारभर थापी फिरवली. पँट भिजली होती, पण तेव्हा काही दुखलं नाही. जेवताना आग सुरू झाली आणि पहाटे कातडी काळी पडून सुटली. ती भाजल्याची जखम होती, विस्तव नसताना झालेली. ओलं सिमेंट लगेच चटका देत नाही, म्हणून माणूस बसून राहतो आणि क्षार आत उतरत जातो. कळीचा चुना त्याहून वाईट, तो पाणी लागलं की स्वतः तापतो. पुन्हा कोणाचं असं झालं तर कोरडी भुकटी आधी झटकायची, भिजलेले कपडे काढायचे आणि वाहत्या पाण्याखाली निदान वीस मिनिटं धरायचं. लिंबू, हळद, टूथपेस्ट काही नको. डोळ्यात गेलं तर धूत धूतच दवाखान्यात.

इथले डॉक्टर सांगत होते, युरोपात 2005 पासून सिमेंटमधलं हे विरघळणारं क्रोम दशलक्षात दोन भागांवर जाऊ द्यायचं नाही असा नियम आहे. त्यासाठी सिमेंटमध्ये फेरस सल्फेट मिसळतात. त्यानं ॲलर्जीचा धोका कमी होतो, क्षार मात्र तसाच राहतो. म्हणजे तिथलं सिमेंटसुद्धा गुडघा भाजेल.

आणि हातमोजे. मी पाठवलेले निळे नायट्राइलचे मोजे आईनं भांडी घासायला घेतले, हे मला कळलं आहे. ते घासायचे नाहीत, घालायचे. तुमचे सुती मोजे तर नकोतच, ते माल पितात आणि दिवसभर हाताला लावून ठेवतात. चामड्याचे पण नकोत, कारण चामडं बहुधा क्रोमनंच कमावतात. मोजा घालण्याआधी हात धुवायचा, नाहीतर आत गेलेलं सिमेंट घामात भिजून तिथंच बसतं. छताचा गिलावा करताना हात वर असतो, माल ओघळून मोज्यात शिरतो, तेव्हा तोंड लांब असलेला मोजा हवा आणि त्याची कड बाहेर दुमडलेली. काढताना आधी मोजा धुवायचा. संध्याकाळी हात विटकरीनं किंवा रॉकेलनं घासायचे नाहीत. साधं पाणी, सौम्य साबण, पुसून लगेच खोबरेल किंवा व्हॅसलीन. पण तेल लावून मोज्याविना काम चालतं, असं समजू नका. ते कवच नाही.

हे सगळं बापूकाकांच्या पोरांना सांगायला तुमच्याइतकं कोण योग्य आहे? माझं ते ऐकणार नाहीत. तुम्ही थापी धरायला शिकवलीत, तर मोजा घालायलाही तुमच्याकडूनच शिकतील. क्रोम निघालं तर मात्र माल कालवणं बंद, हे आत्ताच सांगून ठेवते. खुर्चीतून ओळंबा बघायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी जोर करणार नाही. (करीन थोडा.)

सकाळच्या गाडीनं निघा, स्वारगेटला मी उभी असेन. आणि अण्णा, ती अंगठी निघण्याआधी काढून आईकडे द्या. तिच्याखाली वर्षांचं सिमेंट साचून कातडी पांढरी पडली आहे. निघत नसेल तर ओढू नका, साबण लावून फिरवत काढा. नाहीच निघाली तर तशीच घेऊन या, इथं कापून नंतर नवी घडवू. आई, रडू नकोस, लग्नातलंच सोनं असेल त्यात.

तुमची,
ताई