बिडी न ओढणाऱ्या बायांचा सीओपीडी

महोदय,

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या आणि तुराट्या सरपणासाठी रचून ठेवतात. उज्ज्वलाचे सिलिंडर घरात असले तरी ते पुन्हा भरणे अनेकांना परवडत नाही, त्यामुळे भाकरी चुलीवरच होते. धुरातील सूक्ष्म कण बारीक श्वासनलिकांत सतत सूज ठेवतात आणि वीस-तीस वर्षांत त्या नलिका जाड होऊन कायमच्या अरुंद होतात; या आजाराला सीओपीडी म्हणतात.

आमच्या शेजारच्या साठीतील काकूंनी कधीही बिडी ओढली नाही. खोकला आणि धाप वाढल्यावर थुंकी तपासली, पण क्षयरोग निघाला नाही. एक्स-रेतही विशेष काही दिसले नाही, कारण या धुराने फुप्फुसातील वायुकोशांपेक्षा नलिकांचे नुकसान अधिक होते. मग कित्येक वर्षे दम्याच्या गोळ्या चालल्या. अखेर जोरात फुंकून श्वास मोजण्याची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री झाली, तेव्हा श्वासनलिका मोकळ्या करणारे औषध ओढूनही पहिल्या सेकंदात एकूण श्वासाच्या जेमतेम ५८ टक्के हवा बाहेर पडली. हे प्रमाण औषधानंतरही ७० टक्क्यांखाली राहिले, तर तो सीओपीडी समजतात. दम्यात हा अडथळा बहुधा बराच सुटतो.

झालेले नुकसान भरून येत नाही, पण धूर थांबला तर पुढची झीज मंदावू शकते. म्हणून धाप लागणाऱ्या प्रत्येक बाईला किती वर्षे चुलीपुढे काढली हे विचारावे आणि स्पायरोमेट्रीची सोय ग्रामीण रुग्णालयातच करावी, ही आरोग्य विभागाला कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, जि. यवतमाळ